गाडीचा पडदा आणि रात्रीची नजर

सुरतेच्या उधना-लिंबायत भागातून रात्री व्यारा, सोनगड, नवापूरमार्गे धुळ्याकडे निघणाऱ्या गाडीत शहराच्या दिव्यांखाली सुसह्य वाटणारा नकाशाचा पडदा अंधाऱ्या महामार्गावर डोळ्यांत खुपू लागतो. याचे कारण असे की, मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींना, म्हणजे नेत्रपटलावरील अतिसंवेदनशील पेशींना, अंधाराशी पूर्ण जुळवून घेण्यास सुमारे 20 ते 30 मिनिटे लागतात, परंतु तेजस्वी पडद्यावरील काही क्षणांची नजरही ही तयारी बरीच मोडते.

रात्रीची रंगसंगती, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे, आणि पडद्याची प्रखरता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने केवळ नकाशा काळा करून काम भागत नाही. शहराबाहेर, गाडी सुरक्षित जागी उभी करून, प्रखरता आधी किमान करावी आणि नकाशावरील रस्त्याचे नाव जेमतेम वाचता येईल इतकीच वाढवावी. पडद्याचे प्रतिबिंब समोरच्या किंवा बाजूच्या काचेत दिसत राहिले, तर प्रखरता अजूनही जास्त आहे असे समजावे.

रंगसंगती स्वयंचलित ठेवल्यास ती बहुधा हेडलाइटच्या स्थितीवरून किंवा डॅशबोर्डवरील प्रकाशसंवेदकावरून बदलते. त्यामुळे पावसाळी दुपारी हेडलाइट लावताच काही गाड्यांत पडदा अवाचनीय इतका मंदावतो, तर संवेदकावर कापड किंवा मूर्ती आल्यास भर उन्हातही रात्र मानली जाते. पहिल्या स्थितीत दिवसाची रंगसंगती हाताने निवडावी, दुसऱ्या स्थितीत संवेदक मोकळा करावा.