वेटोळं आणि सरळ तार: बेरीज की वजाबाकी?

एक लांब सरळ तार घ्या, मध्येच तिचा 10 सेंटिमीटर त्रिज्येचा एक वर्तुळाकार फेरा करा आणि पुन्हा त्याच रेषेत सरळ पुढे न्या. तारेतून 5 अँपिअर धारा सोडली, तर वर्तुळाच्या केंद्राशी चुंबकीय क्षेत्र किती?

आधी दोन्ही भाग वेगळे पाहू. फेऱ्याचा प्रत्येक तुकडा केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो, त्यामुळे सगळ्यांचा वाटा एकाच दिशेने साठत जातो: μ₀I/2R, म्हणजे 31.4 मायक्रोटेस्ला. सरळ तारेचे दूरचे तुकडे मात्र फारसं काही देत नाहीत. तिचा वाटा μ₀I/2πR, म्हणजे 10.

आता खरा प्रश्न दिशेचा. उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेने धरा. मिटलेली बोटं क्षेत्राची दिशा दाखवतात. तार डावीकडून उजवीकडे जाते आणि फेरा तिच्या वर आहे असं समजा. सरळ तारेचं क्षेत्र केंद्राशी कागदातून बाहेर येतं. फेऱ्यात धारा तळाशी उजवीकडेच वळते, म्हणून त्याचंही क्षेत्र बाहेरच. तार सहज गुंडाळली की बेरीजच होते: 41.4. वजाबाकी, म्हणजे 21.4, हवी असेल तर तार स्पर्शबिंदूशी मागे मुरडून फेरा उलटा घ्यावा लागतो. उदाहरणातली आकृती नीट न पाहता सूत्र भरणारे नेमके इथेच फसतात.

पडताळा होकायंत्राने घेता येतो, पण फेरा टेबलावर आडवा ठेवून नाही. तेव्हा क्षेत्र उभं असतं आणि सुईला ते कळतच नाही. फेरा उत्तर-दक्षिण प्रतलात उभा करा. मुंबईच्या आसपास पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38 मायक्रोटेस्ला आहे, म्हणून सुई साधारण 47 अंश वळेल. ती 15 अंशांवरच थांबली, तर तार जिथे स्वतःला ओलांडते तिथलं एनॅमल खरवडलं गेलंय का ते बघा. धारा फेरा टाळून थेट पुढे निघून जात असणार.

दुसरी गडबड परतीच्या तारेची. ती जवळून नेली, तर तिचं उलटं क्षेत्र सरळ तारेचा वाटा खाऊन टाकतं. शिवाय दोन तारा एकमेकींना ढकलतात. एक तार क्षेत्र निर्माण करते, दुसरी त्यात धारा घेऊन उभी असते, म्हणून तिच्यावर बल येतं: दर मीटरला μ₀I₁I₂/2πd. धारा एकाच दिशेने असतील तर आकर्षण, विरुद्ध असतील तर प्रतिकर्षण. विद्युतप्रभारांच्या सवयीने इथे उलटं उत्तर देण्याचा मोह होतो. 1820 साली अँपिअरने हेच प्रयोगाने दाखवलं होतं.

एक सेंटिमीटर अंतरावरच्या आपल्या दोन तारांमध्ये हे बल मीटरमागे 0.0005 न्यूटन, म्हणजे जेमतेम 0.05 ग्रॅम वजनाएवढं. हाताला काहीच जाणवणार नाही. पण दोन्ही धारा वाढल्या की बल त्यांच्या गुणाकाराने वाढतं. शॉर्टसर्किटमध्ये 10 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बसबारमधून 10,000 अँपिअर गेले, तर प्रत्येक मीटरवर 200 न्यूटन, सुमारे 20 किलोचा धक्का बसतो. वीजकेंद्रात बसबारचे आधार मजबूत आणि जवळजवळ लावतात, ते याच हिशोबाने.