सस्पेन्समधले १,१५० रुपये

तायांनो, मार्चअखेरीला भोकरदन तालुक्यातल्या एका गटाचं तेरीज पत्रक जुळेना. नावे बाजू २,८४,६५०, जमा बाजू २,८३,५००. हिशेब लगेच द्यायचा होता, म्हणून जमा बाजूला ‘सस्पेन्स खाते १,१५०’ लिहून दोन्ही बाजू बरोबर केल्या. असं करता येतं, पण ते तात्पुरतं. चुका तिथल्या तिथंच राहतात.

नंतर आम्ही १,१५० ची नोंद शोधत बसलो. सापडलीच नाही. कारण चूक एक नव्हती, चार होत्या. मग कीर्द, खतावणी आणि प्रत्येकीचं पासबुक शेजारी ठेवून एकेक ओळ टिक केली.

एका ताईची ५०० रुपये बचत कीर्दीत होती, पण तिच्या बचत खात्यावर चढलीच नव्हती. व्याज आलं ५४०, व्याज खात्यावर लिहिलं ४५०, म्हणजे ९० कमी. (आकडे उलटसुलट झाले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो.) तिसरी चूक मोठी. एकीने ३८० चा हप्ता भरला, तो तिच्या कर्ज खात्यावर जमेऐवजी नावे पडला. इथे फरक दुप्पट होतो, ७६०, कारण आधी चुकीचे ३८० काढायचे आणि मग खरे ३८० जमा करायचे. चौथी चूक उलट बाजूची: रजिस्टर घेतल्याचे २०० रुपये स्टेशनरी खात्याला नावे टाकायचे राहिले होते.

पहिल्या तिन्हींमुळे जमा बाजू १,३५० ने मागे पडली होती. चौथीने त्यातले २०० झाकले, म्हणून दिसले फक्त १,१५०.

दुरुस्ती करताना जुन्या ओळीवर खाडाखोड करायची नाही. आजच्या तारखेची नवी नोंद करायची आणि खाली कारण लिहायचं:

सस्पेन्स नावे ५००, बचत खाते जमा ५००.
सस्पेन्स नावे ९०, व्याज खाते जमा ९०.
सस्पेन्स नावे ७६०, त्या ताईचं कर्ज खाते जमा ७६०.
स्टेशनरी नावे २००, सस्पेन्स जमा २००.

रोख पेटीला हात लावायचा नाही, पैसे तर आधीच आले-गेलेले आहेत. आता सस्पेन्सला जमा १,१५० अधिक २०० आणि नावे १,३५०. शिल्लक शून्य.

शून्य झालं तरी पासबुकं तपासाच. एकीची बचत चुकून दुसरीच्या खात्यावर जमा झाली, तर तेरीज जुळलेलीच राहते आणि सस्पेन्सला त्याचा पत्ताही लागत नाही.

गटात कुणीतरी म्हणालं होतं, “१,१५० इतर उत्पन्नात टाका न् मिटवा.” तसं केलं असतं, तर त्या हप्तेवाल्या ताईच्या पासबुकात कर्ज ६,००० आणि आपल्या खतावणीत ६,७६० असंच राहिलं असतं. वरचे ७६० तिच्याकडेच मागितले असते.