टोल वाचवायला किती किलोमीटर?

शिवडीहून चिर्लेला जायचे आहे. अटल सेतू धरला तर जेमतेम 22 किलोमीटर, पण मोटारीला 250 रुपये टोल. मानखुर्द-वाशीवरून वळसा घातला तर साधारण 15 किलोमीटर जास्त, आणि टोल शून्य. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. त्याआधी वाशीला 45 रुपये मोजावे लागत, त्यामुळे दोन रस्त्यांमधली दरी 205 रुपयांची होती. आता ती पुरती अडीचशेची झाली आहे, आणि सेतूच्या तोंडाशी येऊन मनात हिशेब करणारे चालकही वाढले असणार.

हा हिशेब बहुतेक जण असा करतात: गाडी लिटरला 15 किलोमीटर देते, पेट्रोल 104 रुपये धरले, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. अडीचशे भागिले सात, म्हणजे 36 किलोमीटरपर्यंतचा वळसा परवडला. इथे तर पंधराच आहेत. घ्या वाशी!

या गणितात दोन गळत्या आहेत. पहिली छोटी आहे. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग यांचे किलोमीटरला दोन रुपये जरी धरले तरी 36 चे 28 होतात. दुसरी गळती मात्र मोठी. गर्दीत इंधनाचा फटका फक्त वाढीव पंधरा किलोमीटरना बसत नाही, तर सबंध 37 किलोमीटरना बसतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी 15 चे अ‍ॅव्हरेज देत नाही; 11 दिले तरी पुष्कळ.

संध्याकाळच्या गर्दीचे आकडे मांडून पाहू. वाशीमार्गे 37 किलोमीटर, अ‍ॅव्हरेज 11, म्हणजे पेट्रोल सुमारे 350 रुपयांचे. सेतूवर 22 किलोमीटर, अ‍ॅव्हरेज 16, पेट्रोल 143 रुपयांचे. त्यात टोल मिळवला की 393. फरक अवघा 43 रुपयांचा! त्या बदल्यात सव्वा तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटांत प्रवास झाला, तर पन्नास मिनिटे वाचली. मिनिटाला रुपयासुद्धा पडला नाही. गाडीत चौघे असतील तर वाचलेला वेळ चौघांचा, टोल मात्र एकच.

रात्री अकराला हेच गणित पार बदलते. वाशीचा रस्ता मोकळा, अ‍ॅव्हरेज पुन्हा 15, पेट्रोल 257 रुपये. सेतूचा खर्च तोच 393. म्हणजे 136 रुपये जास्त देऊन वाचणार फार तर पंचवीस मिनिटे, तासाला सव्वातीनशे रुपयांचा भाव. एकट्याने घरी परतणाऱ्याला हा भाव महाग वाटला तर त्यात वावगे काही नाही. विमान गाठायचे असेल तर तोच माणूस तो आनंदाने देईल. कारण तेव्हा तो पंचवीस मिनिटे विकत घेत नसतो, वाटेत कुठे ट्रक बंद पडला तरी वेळेवर पोहोचण्याची हमी घेत असतो.

त्याच दिवशी परत यायचे असेल तर आणखी एक खुबी आहे. जाऊन-येऊन टोल 500 नव्हे, 375 रुपये. एका फेरीचे 187.50 पडतात आणि गर्दीच्या वेळी सेतूचा एकूण खर्च 330 वर येतो, चक्क फुकटच्या रस्त्यापेक्षा वीस रुपये कमी. टोल डोळ्यांना दिसतो, फास्टॅगचा संदेश लगेच फोनवर येतो; सिग्नलला उभे राहून जळलेले पेट्रोल कोणी कळवत नाही. म्हणून तर वाशीचा रस्ता स्वस्त वाटतो.

पण सेतूचा हा विजय चिर्ले-उरणकडे जाणाऱ्यांपुरता. पनवेलला किंवा पुढे पुण्याला निघालेल्यासाठी दोन्ही रस्त्यांच्या लांबीत फारसा फरक उरत नाही, त्यामुळे टोलच्या बदल्यात मिळतो तो बहुतांशी वेळच. चेंबूर-घाटकोपरच्या माणसाने तर आधी उलटे शिवडीला यायचे. त्याच्यासाठी वळसा सेतूचाच ठरतो. हिशेब करायचा तो घरापासून मुक्कामापर्यंत, पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नव्हे.

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ‘टोल टाळा’ हा पर्याय एकदा सुरू आणि एकदा बंद करून, निघायच्या वेळेलाच दोन्ही रस्त्यांची मिनिटे पाहिली की निम्मे काम होते. सकाळी पाहिलेला आकडा संध्याकाळी कामाचा नाही. कालचाही नाही. वॉर्ड्रॉप नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने 1952 मध्येच मांडले होते की, प्रत्येक जण स्वतःपुरता जलद रस्ता निवडू लागला की शेवटी वापरातल्या सगळ्या रस्त्यांना सारखाच वेळ लागू लागतो. वाशीच्या खाडीवर आता तिसरा पूल झाला आहे; त्यामुळे तिथली कोंडी जितकी सैल होईल, तितका सेतूच्या पन्नास मिनिटांचा आकडा खाली येईल. आणि मोकळे झालेले वाशी पाहून टोल देणारे तिकडे वळले, की तो पुन्हा वर चढू लागेल.