पृथ्वीच्या पोटातला कोन

रशियातलं सेंट पीटर्सबर्ग आणि अलास्कातलं अँकरेज ही दोन्ही शहरं साठाव्या अक्षवृत्ताच्या आसपास आहेत. पहिलं ३० अंश पूर्व रेखांशावर, दुसरं १५० अंश पश्चिम रेखांशावर. भिंतीवरच्या नकाशात त्यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर वाट अक्षवृत्ताला धरून आडवी जाते आणि अंतर भरतं सुमारे १०,००० किलोमीटर. पण या दोन शहरांमधलं सर्वांत कमी अंतर जेमतेम ६,५५० किलोमीटर आहे, आणि ती वाट उत्तर ध्रुवावरून जाते.

पृथ्वीचा गोल बरोबर केंद्रातून कापला, की कापाच्या कडेला जे वर्तुळ दिसतं ते बृहद्वृत्त. पृष्ठभागावर यापेक्षा मोठं वर्तुळ काढताच येत नाही. वर्तुळ जितकं मोठं, तितका त्याचा बाक कमी, म्हणून दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट नेहमी बृहद्वृत्तावर असते. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. साठावं अक्षवृत्त मात्र विषुववृत्ताच्या निम्म्याच लांबीचं आहे, त्यामुळे त्यावरून जाणं म्हणजे वळसा घेणं.

बृहद्वृत्ताचा पूर्ण फेरा सुमारे ४०,०३० किलोमीटरचा. त्याला ३६० ने भागलं की एका अंशाला १११.२ किलोमीटर येतात. म्हणजे दोन ठिकाणांपासून पृथ्वीच्या केंद्राकडे दोन रेषा ओढल्या आणि त्यांच्यातला कोन कळला, की उरतो तो साधा गुणाकार. सेंट पीटर्सबर्ग आणि अँकरेजचे रेखांश एकमेकांच्या अगदी समोरासमोर आहेत, म्हणून तिथे हा कोन तोंडीच निघतो. एक शहर ध्रुवापासून ३०.१ अंशांवर, दुसरं २८.८ अंशांवर. बेरीज ५८.९ अंश.

इतकी सोय क्वचितच मिळते. मुंबई आणि न्यूयॉर्कचे विमानतळ घ्या. मुंबईचा १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व, न्यूयॉर्कचा ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. इथे उत्तर ध्रुव आणि ही दोन शहरं मिळून गोलावर एक त्रिकोण होतो. ध्रुवापाशी त्याचा कोन म्हणजे रेखांशांतला फरक. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा, म्हणून बेरीज करायची: १४६.७ अंश.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करू: ०.३२७२ गुणिले ०.६५०८, म्हणजे ०.२१२९. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, त्याला पुन्हा १४६.७ अंशांच्या कोसाइनने गुणायचं. तो कोसाइन ऋण आहे, त्यामुळे उत्तर येतं उणे ०.५९९७. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६८, आणि हाच आपल्या कोनाचा कोसाइन. कोन निघतो ११२.८ अंश, अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर.

पूर्व-पश्चिमेचा विसर पडून बेरजेऐवजी वजाबाकी केली, तर फरक एका अंशाहून कमी राहतो आणि अंतर येतं सुमारे २,४०० किलोमीटर. ते न्यूयॉर्कचं नव्हे, किर्गिझस्तानचं. म्हणून मनाशी एक पडताळा ठेवावा: अर्धी पृथ्वी म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर, त्याहून जास्त उत्तर येऊच शकत नाही, आणि कोसाइन ऋण असेल तर कोन ९० अंशांच्या पुढेच हवा, म्हणजे अंतर १०,००० किलोमीटरच्या वर.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी ११०.६ किलोमीटरचा, ध्रुवापाशी १११.७ किलोमीटरचा. गोल धरून केलेल्या हिशेबात त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. विमानाच्या प्रवासाचा अंदाज घ्यायला ती चालते. जमिनीची मोजणी करणाऱ्याला चालत नाही.

खरी अडचण जवळच्या अंतरांत येते. मुंबई आणि पुणे या दोन रेल्वे स्थानकांमधला कोन जेमतेम १.०७ अंश, त्याचा कोसाइन ०.९९९८३. चारच दशांश स्थळं ठेवली तर ०.९९९८ उरतो आणि अंतर १२७ किलोमीटर येतं. शेवटचा आकडा एकाने वाढवून ०.९९९९ केला, तर तेच ९० वर उतरतं! कोन लहान असला की कोसाइन एकाला चिकटून बसतो, आणि सगळी माहिती त्याच्या शेवटच्या आकड्यांत दडलेली असते.

कागदी कोष्टकांवर हिशेब करणाऱ्या दर्यावर्दींना हे परवडणारं नव्हतं. त्यांची वाट हॅवरसाइनची. हे नाव जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केलं. त्यात अक्षांशांतला आणि रेखांशांतला फरक आधी निम्मा करतात आणि त्या निम्म्या कोनांच्या साइनचे वर्ग घेतात. रेखांशाच्या वर्गाला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणून दोन्ही वर्गांची बेरीज केली, की हव्या असलेल्या कोनाच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग मिळतो. लहान कोनाचा साइन शून्याजवळ असतो, पण कोनाबरोबर तो ठळकपणे बदलतो. मुंबई-पुण्यासाठी साइन चारच दशांश स्थळांपर्यंत घेऊन या वाटेने गेलं, तर उत्तर ११९ किलोमीटर येतं. अचूक हिशेब सांगतो ११८.५.