धोत्र्याच्या बिया आणि हरपलेलं भान

जुलै 2008. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका घरात सहा नातेवाईक एकत्र जेवले. बटाटे, टोमॅटो, कांदा, लसूण आणि करी पावडर घालून केलेला रस्सा होता आणि त्यात अंगणातून खुडून आणलेला पाला पडला होता. तासाभराने न जेवलेलं एक माणूस घरी आलं, तर सहाही जण काहीतरीच बरळत होते. कुणी हसत होतं, कुणाला चक्कर येत होती, कुणाला तहान आवरत नव्हती. रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोघांची शुद्ध हरपली. उरलेले चौघे गोंधळलेले, चिडलेले होते आणि नसलेल्या गोष्टी पाहत होते. काय खाल्लं हे डॉक्टरांना नीट सांगू शकेल असं त्यांच्यात कुणीच उरलं नव्हतं. सगळ्यांची नाडी वेगाने चालत होती आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. पुढे उलगडा झाला, तो पाला धोत्र्याचा होता.

या सहा जणांना नशा करायची नव्हती. पण गंमत म्हणून बिया खाणाऱ्या पोरांचंही नेमकं हेच होतं. चार घटका रंगीबेरंगी काही दिसेल अशी त्यांची कल्पना असते आणि शेवट अतिदक्षता विभागात होतो. असं का, ते समजून घ्यायला हवं. कारण ‘धोत्रा म्हणजे फुकटचा नशेचा पदार्थ’ ही समजूत मुळातच चुकीची आहे.

धोत्र्याच्या पानांत, फुलांत, मुळांत आणि सर्वांत जास्त बियांत अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात. बेलाडोना, खुरासनी ओवा आणि बागेत हौसेने लावतात ती खाली लोंबणाऱ्या कर्ण्यासारख्या फुलांची झाडं, या सगळ्यांत कमी-अधिक प्रमाणात हीच द्रव्यं सापडतात. आपल्या शरीरात अॅसिटिलकोलिन नावाचं एक रसायन नसांकडून स्नायू, ग्रंथी आणि मेंदूच्या पेशींपर्यंत निरोप पोहोचवतं. धोत्र्यातली द्रव्यं हा निरोप घेणाऱ्या जागाच अडवून बसतात.

मेंदूत अॅसिटिलकोलिनचं काम मोठं असतं. लक्ष एका ठिकाणी टिकवणं, नवं काही लक्षात ठेवणं, डोळ्यांनी आत्ता दिसतंय ते खरं आणि डोक्यात उमटलं ते आठवणीतलं हा भेद राखणं, या सगळ्याला ते लागतं. एलएसडीसारखे पदार्थ वेगळ्याच रसायनाच्या जागांवर, म्हणजे सेरोटोनिनच्या जागांवर काम करतात. तेही धोक्याचेच. पण ते घेतलेल्या माणसाला बहुतेक वेळा आपण काहीतरी घेतलंय आणि म्हणून भिंत हलताना दिसतेय, हे उमगत असतं. धोत्र्यात हे उमगणारं मनच आधी बंद पडतं. स्वप्नात असताना ते स्वप्न आहे हे आपल्याला कळत नाही, तशी ही अवस्था असते. फरक इतकाच की पाय चालत असतात, हात दार उघडू शकतात, आणि बाहेर रस्ता किंवा विहीर असते. वैद्यकात याला भास होणं म्हणत नाहीत, डिलिरियम म्हणतात. जुन्या लोकांच्या भाषेत, वातात बरळणं.

वॉर्डातलं चित्र पाहिलं की हे पटतं. रुग्ण समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मामाशी बोलत असतो आणि मामा उत्तर देत असल्यासारखं थांबून ऐकतोही. बोटांच्या चिमटीत नसलेली सिगारेट धरून झुरके घेतो. चादरीवरून काहीतरी वेचत राहतो, हवेतलं काही पकडू पाहतो. अंगावर किडे चढताहेत म्हणून कपडे फाडतो. हात धरायला आलेली बहीण त्याला ओळखू येत नाही, मग तो तिलाच ढकलतो. यात मौज कुठेच नाही, कारण मौज अनुभवायला भानावर असलेलं कुणी लागतं. शिवाय शुद्धीवर आल्यावर त्यातलं फारसं काही आठवत नाही. उरते ती भीती आणि हातापायांवरचे ओरखडे.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे दृश्य धोत्र्याशिवायही ओळखीचं आहे. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला अॅट्रोपिनची इंजेक्शनं देतात आणि ती त्याचा जीव वाचवतात. पण मात्रा गरजेपुढे गेली की तोच रुग्ण तापतो, बडबडू लागतो, चादर चिमटू लागतो. म्हणून तिथे औषध थोडं थोडं वाढवत, छाती आणि नाडी तपासत देतात. धोत्र्याच्या बोंडात ही मात्रा कुणीच मोजलेली नसते. एका झाडाचं बी दुसऱ्या झाडाच्या बीसारखं नसतं. जमीन, ऋतू, झाडाचं वय यांनुसार विष कमी-जास्त होतं. त्यात याच द्रव्यांमुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि बिया पोटात पडून राहून विष सावकाश सोडत राहतात. म्हणून सुरुवातीला काहीच झालं नाही असं वाटून आणखी खाणारे असतात. भ्रम दोन-दोन दिवस टिकतो, डोळ्यांपुढची अंधूक त्याहूनही जास्त दिवस.

इकडे शरीर वेगळ्याच संकटात असतं. घाम यायचा थांबतो, त्वचा कोरडी आणि लालसर होते, आणि धडपड करणारं अंग आतून तापत जातं. ताप फार चढला की स्नायू झिजतात, मूत्रपिंडावर ताण येतो. हृदय दौडत असतं. तोंड इतकं कोरडं पडतं की घोट गिळवत नाही. लघवी अडकते, आणि ही गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. फुगलेल्या मूत्राशयाने रुग्ण आणखी बेफाम होतो. नळी घालून लघवी काढली की त्याची तगमग बरीच कमी होते. उपचारही असेच साधे आणि चिकाटीचे आहेत: शांत खोली, मंद उजेड, अंग थंड करणं, सलाईन, चलबिचल आवरणारी औषधं, हृदयावर सतत नजर. फायसोस्टिग्मिन नावाचा उतारा मेंदूपर्यंत पोहोचतो आणि काही मिनिटांत माणूस भानावर येऊ शकतो. पण तो सगळीकडे मिळत नाही, त्याचा परिणाम लवकर ओसरतो आणि चुकीच्या रुग्णाला दिला तर हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावते.

घरातलं कुणी अचानक असंबद्ध बोलू लागलं, बाहुल्या मोठ्या दिसल्या, अंग तापलेलं पण कोरडं असेल, तर बाहेरचं झालंय म्हणून थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, गुंगीत ती श्वासनलिकेत जाते. माणसाला एकटं सोडू नका आणि पाण्यापासून, जिन्यापासून दूर ठेवा. 108 ला फोन करा. आणि ताटात, खिशात किंवा अंगणात जी पानं, बोंडं, बिया सापडतील त्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. काय खाल्लं, हे तो स्वतः सांगू शकणार नाही.