आयफेल टॉवर, ६९० पिक्सेल

सकाळी १०

दिवाळी अंकाच्या पॅरिसवरच्या लेखासाठी वाचकांकडून आलेले फोटो आज तपासायचे आहेत. पहिल्याच फोटोत मधोमध आयफेल टॉवर आणि खाली पसरलेलं शहर आहे. सोबतची ओळ सांगते, ‘मोंमार्त्रच्या टेकडीवरून, साक्रे-कर चर्चच्या घुमटातून’. फोटो उत्तम आहे, पण ओळ खरी आहे का, हे माझं काम. मी पॅरिसला गेलेलो नाही. नकाशावर मात्र त्या चर्चपासून टॉवर सरळ रेषेत पावणेपाच किलोमीटर भरतो. तेवढं अंतर फोटोत दिसतं का, एवढंच बघायचं.

साडेदहा

फाइलची माहिती उघडली. कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, फोकल लेंग्थ ७० मिलिमीटर, फोटो ६०००×४००० पिक्सेलचा. या कॅमेऱ्याची पूर्ण फ्रेम एवढीच असते, म्हणजे कडा कापलेल्या नाहीत. ही खात्री आधी करावी लागते. फोटो कापला असेल तर लेन्सचा जो कोन माहितीत दिसतो, तो समोरच्या चित्राचा उरत नाही.

७० मिलिमीटरची लेन्स या सेन्सरवर आडवा सुमारे २९ अंशांचा कोन टिपते. मी तोच कोन जरा वेगळ्या तऱ्हेने मांडतो: कॅमेऱ्यापासून ७० मीटरवर फ्रेममध्ये ३६ मीटर रुंदी मावते, ७०० मीटरवर ३६० मीटर. हे प्रमाण कितीही लांब गेलं तरी बदलत नाही. म्हणून टॉवर जिथे उभा आहे तिथे फ्रेममध्ये किती मीटर मावले, एवढं कळलं की अंतर आपोआप हाती येतं.

साडेअकरा

आता उंची. आयफेल टॉवरची उंची शोधली तर ३२४ मीटरही सापडते आणि ३३० मीटरही. आकडे दोन्ही बरोबर आहेत, काळ वेगळा. मार्च २०२२ मध्ये टोकावर नवा अँटेना बसला आणि टॉवर सहा मीटरने वाढला. फोटो कधीचा ते न बघता उंची घेतली, तर अंतरात जवळपास दोन टक्क्यांचा फरक पडतो.

या फोटोत तर पायथाही झाडांआड आणि इमारतींआड गेलाय. त्यामुळे मी पूर्ण उंचीच्या नादी लागत नाही. टॉवरचा दुसरा मजला जमिनीपासून ११५.७ मीटरवर आणि तिसरा २७६.१ मीटरवर. हे दोन्ही मजले लोखंडी जाळीवर आडव्या पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात आणि अँटेना बदलला तरी ते जागचे हलत नाहीत. दोघांमधलं अंतर १६०.४ मीटर. माझी मोजपट्टी हीच.

फोटो चारशे टक्के मोठा केला. कडा धूसर होतात, दुसऱ्या मजल्याचा कठडा तीन-चार पिक्सेलमध्ये विरघळतो. तीन वेळा मोजलं, आकडा ६९०च्या आसपासच आला.

साडेबारा

६९० पिक्सेल म्हणजे १६०.४ मीटर, तर ६००० पिक्सेल म्हणजे सुमारे १३९५ मीटर. टॉवरच्या जागी फ्रेमची रुंदी एवढी. तिला ७०ने गुणून ३६ने भागलं की अंतर येतं:

```
1395 × 70 / 36 ≈ 2712
```

दोन किलोमीटर सातशे मीटर. घुमटातून फोटो काढला असता, तर त्याच लेन्सने ते दोन मजले ६९० नव्हे, जेमतेम ३९५ पिक्सेलांत बसले असते. हा फरक मोजण्यातल्या चुकीचा नाही. तीन पिक्सेल इकडेतिकडे झाले तर अंतर सुमारे बारा मीटरने सरकतं. झूम लेन्सवर ७० लिहिलेलं असलं तरी खरी फोकल लेंग्थ एक-दोन टक्के कमीजास्त असू शकते. तो फरक पन्नासेक मीटरचा. दोन हजार मीटरची तूट त्याने भरून निघत नाही.

दुपारी दीड

डबा खाताना मांडणी करणारा सहकारी विचारतो, ‘‘अरे, २९ अंशांना ६०००ने सरळ भागायचं ना, एका पिक्सेलला किती अंश ते येईल. मग कोनावरून अंतर. एवढा खटाटोप कशाला?’’

करून दाखवलं. तसं केलं की अंतर सुमारे ५५ मीटर जास्त येतं. लेन्स दृश्य सपाट सेन्सरवर पसरवते, त्यामुळे कडेच्या पिक्सेलला मधल्यापेक्षा कमी कोन वाट्याला येतो. सरळ भागाकारात सगळ्या पिक्सेलांना सारखाच वाटा मिळतो. ७० मिलिमीटरला हे खपून जातं. २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्सवर टॉवर फ्रेमच्या मधोमध असेल, तर त्याच भागाकाराने अंतर सोळा टक्क्यांच्या आसपास फुगतं. मीटरच्या प्रमाणाने गेलं तर ही भानगड होत नाही. अट एकच, कॅमेरा समोर सरळ धरलेला हवा. टॉवरखाली उभं राहून वर रोखलेल्या फोटोत उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. तसं दिसलं की हा हिशेब बाजूला ठेवायचा.

अडीच

अंतर मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. टॉवरभोवती २.७ किलोमीटरचं वर्तुळ मिळालं, एवढंच. फोटो उंचावरून काढलाय, म्हणून त्या वर्तुळावर उंच जागा शोधली. आग्नेयेला मोंपार्नास टॉवर आहे, २१० मीटर उंच. नकाशावर दोन टॉवरांमधलं अंतर २.७ किलोमीटर.

आता दुसरा पुरावा हवा. फोटोत आयफेलच्या पाठीमागे लांबवर ला देफाँसच्या काचेच्या इमारती दिसतात. मोंपार्नासवरून बघितलं तर आयफेल आणि ला देफाँस जवळजवळ एकाच रेषेत येतात. मोंमार्त्रवरून मात्र दोघांत सुमारे ४६ अंश पडतात. आयफेल मधोमध असताना २९ अंशांच्या फ्रेममध्ये ला देफाँस येणं तिथून शक्यच नाही.

चार

संपादकबाईंना निष्कर्ष सांगितला. त्या म्हणाल्या, ‘‘मोंमार्त्र काय, मोंपार्नास काय, पाठवणाऱ्याने नावात गल्लत केली असणार. त्यांना फोन करून विचारा आणि मगच ओळ बदला.’’ फोन केला. गृहस्थांनी तिकीट शोधलं. ते मोंपार्नासचंच निघालं.

पाच

शेवटचा फोटो मोबाइलवरचा, ‘त्रोकादेरोहून, सहाशे मीटरवरून’. व्हॉट्सॲपवरून आलाय, त्यामुळे माहिती पुसली गेलीय आणि आकारही लहान झालाय. लहान होण्याने बिघडत नाही. पूर्ण फ्रेम असेल तर मजल्यांनी तिचा कितवा भाग व्यापलाय, हे प्रमाण तसंच राहतं. पण हा फोटो चारास पाच या प्रमाणात आहे आणि मोबाइलचा मूळ फोटो बहुधा तीनास चार असतो. म्हणजे कुठून तरी कापलाय. किती आणि कोणत्या कडेने, ते चित्रावरून कळत नाही.

मूळ फाइल मागवणारा निरोप पाठवला. ती उद्या दुपारपर्यंत आली नाही, तर फोटो छापू, ओळीतले ‘सहाशे मीटर’ काढून.