जेवणानंतरची दहा मिनिटं

टाइप २ मधुमेह असलेल्या माणसाने रात्री दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर भात खाल्ला, की पुढच्या तासा-दीड तासात त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने चढते. शरीरात इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. हाच माणूस जेवून उठल्यावर चपला घालून कॉलनीत एक फेरी मारून आला, तर साखर एवढी चढत नाही. जेवण तेच, गोळी तीच. मग साखर जाते कुठे?

मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंत. स्नायूच्या पेशीत साखर शिरते ती ग्लुट-४ नावाच्या प्रथिनामार्फत. एरवी ही प्रथिनं पेशीच्या आत असतात आणि इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात. टाइप २ मध्ये बिघाड आहे तो या निरोपात. स्नायू काम करू लागला मात्र, की इन्सुलिनची वाट न पाहता ती वर येतात. पुढचं दार अडलं तरी घराचं मागचं दार उघडतं, तसं हे. शिवाय व्यायामानंतर साधारण एक ते तीन दिवस स्नायू इन्सुलिनलाही जास्त दाद देतात. आठवड्याला एकूण १५० मिनिटांचा व्यायाम आणि सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको, हा डॉक्टरांचा सल्ला त्यातूनच आला आहे.

चालायचं कधी, यालाही महत्त्व आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून एकदा केव्हाही ३० मिनिटं चालण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. संध्याकाळच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे रात्रीचं जेवण उशिरा आणि पोटभर होतं आणि लगेच अंथरूण धरलं जातं. त्यामुळे ही दहा मिनिटं आपल्याला अधिकच कामाची आहेत.

जोरदार पळणं किंवा जड वजनं उचलणं यांत मात्र साखर काही वेळ वाढलेलीही दिसू शकते. अ‍ॅड्रेनलिनमुळे यकृत आपला साठा रक्तात सोडतं. व्यायाम सोसत नाही, असा त्याचा अर्थ नसतो. काही वेळाने आकडा आपोआप उतरतो.

खरी भीती उलट बाजूची असते. ती सगळ्यांना सारखी नसते, कोण कोणतं औषध घेतो यावर ती ठरते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्याला, तसंच इन्सुलिन टोचणाऱ्याला मात्र जपावं लागतं. समजा, ग्लिमेपिराइड घेणारे साठीचे गृहस्थ सकाळी गोळी घेऊन, बिनसाखरेचा चहा पिऊन तासभर भरभर चालायला गेले. गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आहे, स्नायू साखर ओढताहेत आणि पोट रिकामं. परतताना हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोकं हलकं होतं. मीटरवर ६२. साखर ७० च्या खाली गेली की चालणं तिथेच थांबवून तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर तेवढीच पुन्हा. नंतर काहीतरी खायचं. बिस्किटं किंवा चॉकलेट यावेळी उपयोगी नाहीत. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल, तर घरची साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. ही गोष्ट फार थोड्या रुग्णांना माहीत असते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी ती याचसाठी.

अशा गृहस्थांनी निघण्यापूर्वी साखर मोजावी. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खावं. चालणं न्याहारीनंतर ठेवायचं की गोळीचा डोस कमी करायचा, हे डॉक्टरांना विचारावं, मनाने गोळी बंद करू नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना साखर उतरल्यावर धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्यांनी तेवढ्यावरूनच सावध व्हावं. उलट साखर ३०० च्या वर असेल आणि मळमळ, खूप तहान किंवा गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको, दवाखाना गाठावा. चालताना छातीत दाब आला, तरीही तेच.

पायांना बधिरपणा असलेल्याने गवतावर अनवाणी चालू नये. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. मोजे घालून बंद बूट वापरावेत आणि घरी आल्यावर तळवे, बोटांमधल्या बेचक्या आरशात पाहून तपासाव्यात. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर शीर्षासन आणि श्वास रोखून वजन उचलणं टाळावं, त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. सपाट रस्त्यावर चालायला मात्र अशा रुग्णालाही सहसा हरकत नसते.